अनुभव धागा: लहान मुलांचे चष्मे किती दिवस टिकले? फ्रेम, बिजागरी, पट्टा, सगळं सांगा

माळ्यावरची_आई
काल माळा आवरताना श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लेकीचे जुने चष्मे सापडले. चार नग, आणि चारही डावीकडून तुटलेले. लेक आता नववीत आहे, डबा बघून खो खो हसली. मला मात्र ते वर्ष आठवून पोटात कालवलं. साडेतीन वर्षांची होती, दोन्ही डोळ्यांना +५. पहिली फ्रेम गुलाबी धातूची, ती सहा आठवड्यांत गेली. मग प्लास्टिकची, मग परत धातूची, मग आणखी एक प्लास्टिकची. दहा महिन्यांत चार. पाचवी घेतली ती अख्खी रबरासारखी, बिजागरीच नसलेली, मागे पट्टा असलेली. ती मात्र दीड वर्ष चालली. तुमच्याकडे काय काय झालं ते लिहा.

दोन_पोट्ट्यांची_माय
आमच्या पोट्ट्याचा चष्मा इडलीच्या पिठात सापडला होता. रात्रभर आंबला बिचारा 😂 फ्रेमला काही नाही झालं, काचा मात्र ढगाळ.

रवी_मनीषनगर
सरळ मेमरी मेटलची घ्या, विषय संपला. दुकानदाराने माझ्यासमोर बोटाला गुंडाळून दाखवली. कधीच तुटत नाही.

काचघर_बर्डी
बर्डीवर २२ वर्षं चष्म्याचंच काम करतोय म्हणून बोलतो. माळ्यावरची_आई, एक विचारू? लेक डावखुरी आहे का?

माळ्यावरची_आई
अय्या! हो. तुम्हाला कसं कळलं?

काचघर_बर्डी
चारही डावीकडून गेले म्हणालात ना. लहान मूल चष्मा दोन हातांनी काढत नाही. एका हातात काडी धरतं आणि ओढतं. ज्या हाताने ओढतं त्या बाजूची काडी बाहेर फाकते. साधी बिजागरी सरळ उघडेपर्यंत जाते आणि तिथे अडते. त्यापुढचा सगळा जोर एका बारीक स्क्रूवर आणि तो ज्यात बसलाय त्या चिमुकल्या तुकड्यावर येतो. आधी स्क्रू सैल होतो, मग आटे झिजतात, मग एक दिवस काडी हातात. फ्रेमचं मटेरियल कितीही भारी असू द्या, मोडतं ते याच जागी.

रवीभाऊ, मेमरी मेटल वाकून परत येते हे खरं. पण त्यात बहुतेक वेळा काड्या आणि नाकावरचा भागच त्या धातूचा असतो. बिजागरी, स्क्रू आणि काचेभोवतीची कड साधीच. आणि ती मोडली तर साध्या डागकामाने नीट जुळत नाही. शिवाय वाकवली की परत येते, म्हणून पोराच्या चेहऱ्याप्रमाणे बसवून देणंही अवघड जातं.

रवी_मनीषनगर
अच्छा. आमची दोन वर्षं टिकली, पण मुलगा अकरा वर्षांचा आहे, तेही असेल.

वर्धारोड_वाला
मला बाईकवर चष्मा घसरतो. हेल्मेट घालताना तर काडी कानात घुसते. मोठ्यांसाठी पट्टा बर्डीवर कुठे मिळेल?

दोन_पोट्ट्यांची_माय
भाऊ इथं लहान लेकरांचं चाललं हाय न बावा 😄 खेळाच्या सामानाच्या दुकानात बघा.

सदरची_मावशी
भाची चार वर्षांची. स्प्रिंगवाली बिजागरी घ्यायची की बिनबिजागरीची? दुकानात म्हणाले स्प्रिंग म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी.

काचघर_बर्डी
आयुष्यभर वगैरे काही नसतं मावशी. स्प्रिंग असली की काडी सरळ झाल्यावरही थोडी आणखी बाहेर जाते आणि आपोआप परत येते, म्हणजे ओढाओढीत थोडी सवलत मिळते. पण आतली स्प्रिंग गेली की छोट्या दुकानात दुरुस्त होत नाही, काडीच बदलावी लागते. म्हणून घेतानाच विचारा की याच फ्रेमची सुटी काडी मिळेल का. दुकानात दोन्ही काड्या हलकेच बाहेर दाबून सोडा, दोन्ही सारख्या परतल्या पाहिजेत. घरी दर पंधरा दिवसांनी काडी अर्धी उघडून फ्रेम उलटी धरा. काडी आपोआप पडली तर स्क्रू सैल आहे. घट्ट करायला दोन मिनिटं लागतात, कोणी पैसेही घेत नाही.

तीन-चार वर्षांपर्यंत माझं मत बिनबिजागरीच्या बाजूने. त्यानंतर पोर काड्या मिटून डबीत ठेवायला शिकतं, मग टीआर नावाच्या लवचीक प्लास्टिकची फ्रेम आणि स्प्रिंग.

गोधनी_बाबा
माझा अनुभव उलटा. रबरी फ्रेमचा नाकाचा भाग इतका मऊ की मुलगी झोपली की चेहऱ्यावर चपटी व्हायची. जाड काच दोनदा निसटली. आम्ही टीआरवर आलो.

काचघर_बर्डी
होतं तसं. नंबर जास्त असेल आणि फ्रेम फारच मऊ असेल तर काच धरून राहत नाही. काच बसवल्यावर कोपऱ्यांतून अंगठ्याने दाबून बघायची, तिथे हलली तर ती फ्रेम त्या नंबरासाठी नाही.

माळ्यावरची_आई
आमची कथा इथेच अडकली होती. पाचवी फ्रेम टिकली खरी, पण पहिले तीन महिने ती घसरायचीच. मी पट्टा आवळत गेले. नाकावर लाल वळ आणि काचेवर आतून सारख्या तेलकट रेषा.

काचघर_बर्डी
त्या रेषा पापण्यांच्या. पट्टा चष्म्याला चेहऱ्यावर दाबतो, नाकावर वर उचलत नाही. नाकाचा भाग रुंद असेल तर पट्टा कितीही आवळा, चष्मा खालीच. काडीच्या आत तीन आकडे असतात, काचेची रुंदी, नाकावरचं अंतर, काडीची लांबी. आठवतात का?

माळ्यावरची_आई
डब्यातल्या एकीवर अजून वाचता येतात, ४६-१७-१२५. मोठी घेऊ, दोन वर्षं चालेल असं मीच म्हटलं होतं. रबरीही त्याच मापाची घेतली. नेत्रतज्ज्ञांनी तपासणीत विचारलं, ही चष्म्यावरून बघते का? बघत होती! म्हणजे तीन महिने नंबर फुकट. मग तीच फ्रेम ४०-१४-११५ मध्ये बदलून घेतली. एका रात्रीत फरक. काच लहान म्हणून मध्ये पातळही झाली, वजन कमी. पट्टा नंतर नुसता आधाराला, मागे एक बोट सहज जाईल इतका सैल.

सदरची_मावशी
अगं हे कुणी सांगतच नाही! आम्ही भाचीला मोठीच घेणार होतो.

गोधनी_बाबा
पट्ट्याचं आणखी एक, मे महिन्यात घाम. मानेवर पुरळ उठलं होतं. दोन पट्टे ठेवा, एक रोज धुवायचा. आणि चष्मा उन्हात उभ्या गाडीत नका विसरू, आमच्या काचेच्या कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या.

दोन_पोट्ट्यांची_माय
४५ अंशात आपलंच कोटिंग निघतंय, चष्म्याचं काय घेऊन बसलात 😭

नवी_आई_०७
घसरगुंडीवर पट्टा अडकला तर? बालवाडीतल्या ताई चष्माच काढून ठेवायला सांगतात, डॉक्टर म्हणतात दिवसभर हवा.

काचघर_बर्डी
तिथे मीही ठाम नाही. आमच्याकडे काही जण खेळाच्या वेळी पट्टा काढून कानामागचे सिलिकॉनचे हुक लावतात. उलटं लटकलं की तेही सुटतात. काच मात्र पॉलीकार्बोनेटचीच घ्या, पडली तरी सहसा तुकडे उडत नाहीत. ओरखडे पडतील.

वर्धारोड_वाला
काका, ते सिलिकॉनचे हुक मोठ्यांच्या मापात येतात का? हेल्मेटखाली बसतील?

काचघर_बर्डी
येतात. उद्या दुपारनंतर या, हेल्मेट घेऊन या.