मदत हवी आहे: प्रॉम्प्टमधल्या नमुन्यांचा सूर प्रत्येक उत्तराला चिकटतोय

केतकी_व्ही
आमच्या पतसंस्थेत सभासदांच्या पत्रांना द्यायच्या उत्तराचा कच्चा मसुदा मॉडेलकडून करून घेतो. शाखेतलं कुणीतरी तो वाचतं, मगच जातो. प्रॉम्प्टमध्ये आमचीच ५ जुनी उत्तरं नमुना म्हणून दिली आहेत. भाषा अगदी आमच्यासारखी येते, तक्रार तीच आहे!

```
सभासद: १ वर्षाच्या ठेवीचं व्याज खात्यात कधी जमा होतं?
उत्तर: आपणांस झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. ...
तीन कामकाजाच्या दिवसांत आपणांस कळवू.
```

त्या माणसाला त्रास कुठे झालाय? आणि 'तीन दिवस' सूचनेत कुठेही लिहिलेले नाहीत. दुसरं म्हणजे, मसुद्यासोबत विभागही लिहायला सांगितलाय. नमुन्यांचा क्रम पासबुक, केवायसी, कर्ज, कर्ज, कर्ज असा आहे. जरा मोघम पत्र आलं की विभाग 'कर्ज'. नमुने निवडायचे आणि लावायचे कसे?

पाटीवाला
टेम्परेचर ० करा, आणि सूचनेत स्पष्ट लिहा, 'माफी मागू नका'. संपला विषय.

केतकी_व्ही
दोन्ही केलं. ० वर तीच माफी दरवेळी न चुकता येते. बंदी घातल्यावर ज्याला चुकून दंड लागला होता त्यालाही कोरडं उत्तर गेलं असतं.

सुगरण_घरचे_मसाले
माझंही हेच! मसाल्यांच्या जाहिरातीचे मजकूर करून घेते, तर प्रत्येकाच्या शेवटी 'आजच मागवा'. जुन्या गप्पा त्याच्या लक्षात राहतात, त्या पुसून टाका, सुटेल.

रानवारा
सुगरणताई, तुम्ही नमुने देत असाल तर आधी त्यांचे शेवट बघा. केतकीताईंकडे प्रत्येक पत्र नव्याने जातं, त्यामुळे जुन्या गप्पांचा इथे संबंध नाही.

केतकीताई, पाचही नमुने तक्रारींचेच असणार आणि पाचांतही माफी व तीन दिवस असणार. सगळ्या नमुन्यांत जे सारखं असतं ते मॉडेल नियम म्हणून उचलतं. जे बदलत राहतं ते प्रसंगानुसार ठरवायचं, असं धरतं. तुम्हाला आदरार्थी भाषा हवी आहे, ती पाचांत तशीच ठेवा. माफी, लांबी, मुदत मात्र मुद्दाम वेगवेगळी करा. निदान एक नमुना चौकशीचा, दोन ओळींत संपणारा हवा. एक असा हवा की ज्यात माहिती अपुरी आहे आणि उत्तरात खाते क्रमांक मागितलाय. मुदतीच्या जागी `[मुदत]` लिहा, म्हणजे शाखेतला माणूस ती भरेल. 'सगळ्यात चांगली पाच' उत्तरं निवडली की ती हमखास एकाच वळणाची निघतात.

विभागाचं दुखणं निराळं आहे. २०२१ साली जीपीटी-३ वर झालेल्या अभ्यासात दोन कल स्पष्ट दिसले होते: जे लेबल नमुन्यांत जास्त वेळा येतं तिकडे झुकणं, आणि जे शेवटी येतं तिकडे झुकणं. तुमच्याकडे 'कर्ज' बहुमतातही आहे आणि शेवटीही. हल्लीची मॉडेलं इतकी झुकत नाहीत, पण मोघम पत्राला तेवढा धक्काही पुरतो.

तपासायला सोपं आहे. पत्राच्या जागी नुसतं 'नमस्कार' द्या. तरीही विभाग 'कर्ज' आला तर तो नमुन्यांतून आलाय. मग क्रम फिरवा. ५ नमुन्यांचे १२० क्रम होतात, तेवढे नकोत. पहिला उचलून शेवटी ठेवत गेलात की ५ फेऱ्यांत प्रत्येक नमुना एकदा शेवटी येतो. नमुन्यांत नसलेली वीसेक पत्रं घ्या आणि फेरीगणिक कुणाचा विभाग बदलतो ते बघा.

अर्धाकच्चा
पण २०२२ च्या एका अभ्यासात नमुन्यांची लेबलं वाटेल तशी बदलली तरी फारसा फरक पडला नव्हता. मग निवडीचा एवढा खटाटोप कशाला?

रानवारा
तो अभ्यास वर्गीकरण आणि पर्याय निवडण्यापुरता होता. त्यातच हेही होतं की नमुन्यांची मांडणी आणि लेबलांचा संच यांचा परिणाम मोठा असतो. इथे तर उत्तराचा मजकूरच लिहून घ्यायचाय, म्हणजे नमुन्याचं प्रत्येक वाक्य मांडणीत मोडतं.

केतकी_व्ही
'नमस्कार'ला उत्तर आलं: विभाग कर्ज, आणि वर माफी! एक कर्जाचा नमुना काढून ठेवीची चौकशी घातली, तिचं उत्तर दोन ओळींचं. पासबुकाच्या नमुन्यातली माफीही काढली. आता चौकशीला माफी येत नाही, दंडाच्या पत्राला येते. क्रम फिरवल्यावर बहुतेक पत्रं स्थिर राहिली. हप्ता आणि पासबुक दोन्हींचा उल्लेख असलेली मात्र अजून हेलकावे खातात.

रानवारा
ती पत्रं दोन माणसांना वाचायला द्या. त्यांचंही एकमत होत नसेल तर क्रमाला दोष देऊ नका, 'दोन्ही' असा विभाग ठेवा.

पाटीवाला
त्यापेक्षा प्रत्येक पत्राला जुन्या संग्रहातले सगळ्यात जवळचे नमुने आपोआप लावले तर?

रानवारा
विभाग सुधारेल बहुधा. पण नमुना जितका जवळचा, तितकी त्यातली रक्कम, तारीख जशीच्या तशी उतरायची भीती. सगळ्यात जवळचा शेवटी ठेवावा की आधी, यावरही माझं मत पक्कं नाही. कुणी मराठी पत्रांवर करून पाहिलंय का?