शब्दचर्चा : अरबीतली ‘मोडकी’ अनेकवचनं लक्षात कशी ठेवायची?

पाटीपेन्सिल : किताबचं कुतुब, पण कल्बचं (कुत्रा) किलाब आणि क़ल्बचं (हृदय) क़ुलूब. शेवटचे दोन शब्द एकाच साच्यातले, तरी अनेकवचनं वेगळी. काही नियम आहे का?

मस्कतकर : पुरुषांसाठी -ऊन लावा. मुहंदिस (इंजिनिअर), मुहंदिसून. साइटवर माझं तेवढ्यावर भागतं.

बखरवाचक : मुहंदिसला चालतं, पण तालिबचं (विद्यार्थी) तुल्लाब होतं. वस्तूंना तर -ऊन जवळजवळ लागतच नाही.

तीन व्यंजनांच्या आखूड शब्दांत अंदाज चालत नाही, तिथे पाठांतरच. चार व्यंजनं असली की मात्र बरीच सुटका होते. शेवटचा -आ सोडा आणि अ-आ-इ ही चाल लावा : मस्जिद-मसाजिद, मद्रसा-मदारिस. एकवचनातला शेवटचा स्वर दीर्घ असेल तर ‘इ’ची ‘ई’ होते. सुंदूक, म्हणजे आपली संदूक : स-न-द-क, ‘ऊ’ दीर्घ, म्हणून सनादीक. मिफ्ताह (किल्ली), मफातीह. चूक बहुतेक या ऱ्हस्व-दीर्घातच होते. माणसं दाखवणारे शब्द यातून वगळा. मुस्लिम चार व्यंजनांचाच, पण त्याचं मुस्लिमून.

शुद्धलेखनप्रेमी : पण मराठीत अहवालचं अनेकवचन अहवालच. एक अहवाल, दोन अहवाल. वाद कशाला?

बखरवाचक : प्रश्न अरबीचा आहे हो! पण उदाहरण नेमकं दिलंत. अहवाल हे मुळात ‘हाल’चं अनेकवचन, आपण ते एकवचन करून टाकलं. तसंच कायदा-कवायत, नायब-नवाब. आपल्याकडे आल्यावर अर्थ आणि उच्चार बदलले, पण साचे ओळखू येतात. खबर-अखबारवरून वलद-औलाद आठवतं, अमीर-उमराववरून वझीर-वुझरा.

पाटीपेन्सिल : आणि आखूड शब्दांचं काय?

बखरवाचक : नुसती जोडी घोकू नका, पाच मोजा. ३ ते १० या आकड्यांपुढे नाम अनेकवचनीच येतं : खम्सतु कुतुब, पाच पुस्तकं. स्त्रीलिंगी नामापुढे आकडा आखडतो : खम्सु मदारिस. म्हणजे एकवचनाचं लिंगही त्यातच पाठ होतं. वीस मात्र घेऊ नका; ११ ते ९९ पुढे नाम एकवचनी.

आणि वस्तूंच्या अनेकवचनाला विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी जोडा : कुतुब जदीदा, नवी पुस्तकं.

मस्कतकर : बैतचं काय मग? बुयूत ऐकलंय आणि अब्यातही.

बखरवाचक : दोन्ही बरोबर. घरं असतील तर बुयूत, कवितेच्या ओळी असतील तर अब्यात. तिथे पाच मोजताना अर्थही बोला.

पाटीपेन्सिल : पण शहर (महिना) घेतला तर अश्हुरही सापडतं, शुहूरही. अर्थ एकच. पाचपुढे कोणतं?

बखरवाचक : पाचपुढे अश्हुर. तो साचा मुळात ३ ते १० च्या लहान संख्येचा मानतात. पण दोन्ही रूपं असलेल्या प्रत्येक शब्दात हा भेद आज पाळला जातोच असं नाही. तेव्हा शब्दागणिक कोश पाहा.

शुद्धलेखनप्रेमी : मग ‘उमराव’चं मराठी अनेकवचन?