विषय: एकटं मूल विमानाने: घ्यायला येणाऱ्याच्या रकान्यात दोन नावं चालतात का?

तेजश्री:

नमस्कार मंडळी,

ईशान निघालाय मीनूमावशीकडे, एकटाच. मागे बोलणं झालं होतं तसं शेवटी तिकीट काढलं. वय 9 पूर्ण. मध्ये एकदा विमान बदलायचंय, त्यात दोन तास दहा मिनिटं हातात आहेत. एकट्या मुलासाठीची सेवा फोनवरून मागितली, तिचे पैसेही भरले आणि फॉर्म मेलवर आला.

अडलंय ते एवढ्यावरच. पोचल्यावर मुलाला ताब्यात घेणाऱ्याच्या नावाची ओळ एकच आहे. मीनूची त्या दिवशीची ड्युटी बदलू शकते, तसं झालं तर तिचा नवरा जाईल. दोघांची नावं लिहू का? फॉर्म शुक्रवारपर्यंत परत पाठवायचाय. मेधाताई, वाचत असाल तर प्लीज कळवा.

तेजश्री

श्रीकांत:

तेजश्री,

मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही नावं लिहून टाक. आमच्या नातीच्या वेळी तसंच केलं होतं, कुणी हूं की चूं केलं नाही. मुलाच्या गळ्यात कागदांचं पाकीट अडकवतात, एअर होस्टेस शेजारी बसून असते आणि उतरल्यावर हात धरून बाहेर आणून देतात. एवढा विचार करू नकोस.

श्रीकांतकाका

मेधा:

तेजश्री, रेघ मारून दोन नावं लिहू नकोस. श्रीकांतकाकांना अडचण आली नाही हे चांगलंच झालं, पण ते तिथल्या माणसाने चालवून घेतलं म्हणून. मी चेक-इन काउंटरवर बरीच वर्षं होते आणि येणाऱ्या विमानांवरही काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो फॉर्म नीट बघ. खाली सह्यांची रांग आहे: विमानतळावर सोडणारा, आमचा जमिनीवरचा कर्मचारी, विमानातला, विमान बदलताना घेणारा, शेवटच्या विमानतळावरचा आणि अगदी खाली घ्यायला आलेला माणूस. प्रत्येक सही म्हणजे मूल एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, आता जबाबदारी याची. शेवटचा कर्मचारी एका हातात फॉर्म आणि दुसऱ्या हातात समोरच्याचं फोटो ओळखपत्र धरून अक्षर अन् अक्षर ताडून बघतो. नाव जुळलं नाही तर तो मूल देत नाही आणि देऊही नये. मुलाने "हीच माझी मावशी" म्हणून मिठी मारली तरी देत नाही.

काही कंपन्यांच्या फॉर्मवर पर्यायी माणसासाठी दुसरी ओळ छापलेली असते. तुझ्यावर नाही, तर फोन करून विचार की बुकिंगमध्ये दुसरं नाव घालता येईल का. नाही म्हणाले तर सरळ मीनूच्या नवऱ्याचं नाव घाल. ज्याचं येणं पक्कं त्याचं नाव. मीनूला सोबत यायला कुणी अडवणार नाही.

दुसरं, मीनू हे घरातलं नाव आहे ना? ओळखपत्रावर काय आहे ते तिच्याकडून फोटो मागवून बघ. माहेरचं आडनाव की सासरचं, मधलं नाव आहे की नाही, स्पेलिंग काय, सगळं त्यावरून उतरवून घे. नवऱ्याचंही तसंच. आठवणीतून लिहू नकोस.

आणि काका, एअर होस्टेस शेजारी बसून नसते. मुलाला सहसा त्यांच्या जवळची जागा देतात आणि त्या अधूनमधून डोकावतात. पण त्यांच्यावर सगळ्या विमानाचं काम असतं.

मेधा

अमोल:

मेधाताई, याच विषयावर माझंही एक. आमची रिया 14 वर्षांची आहे, चांगली समजूतदार आहे, तरी कंपनी म्हणते ही सेवा घ्यावीच लागेल. वहिनीच्या मुलाला 12 व्या वर्षी साध्या तिकिटावर पाठवलं होतं. नियम एकच असायला नको का? आणि आता थेट विमानच घ्या म्हणतात, ते दुपटीने महाग पडतंय.

अमोल

मेधा:

अमोल, नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा. पाचच्या आतलं मूल एकटं सहसा कुणीच नेत नाही. पाच ते अकरा पूर्ण या वयात सेवा सक्तीची आणि बाराच्या पुढे ऐच्छिक, असं लुफ्तान्सा, एमिरेट्स वगैरेंचं आहे. मोठ्या अमेरिकन कंपन्यांची सक्ती बहुतेक पंधरा पूर्ण होईपर्यंत चालते. युनायटेड तर त्या वयात फक्त थेट विमानानेच नेते. अमेरिकन एअरलाइन्स पाच ते सातला थेट विमानच देते आणि आठच्या पुढे ठरावीक विमानतळांवरच विमान बदलू देते. ब्रिटिश एअरवेजकडे ही सेवाच नाही. त्यामुळे वहिनीच्या मुलाची कंपनी वेगळी असणार. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, तिकीट काढलं त्या दिवशीचं नाही. रियाचा पंधरावा वाढदिवस जवळ असेल तर तारीख बघ.

मेधा

संध्या:

मेधाताईंचं सगळं बरोबर आहे, पण मुख्य कागद राहिला. आईवडील दोघांच्या सहीचं संमतीपत्र! आंतरराष्ट्रीय प्रवासात पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर ते मागू शकतात. नोटरी केलेलं असलं की बरं. त्याचा नमुना मंडळाच्या फाइल्समध्ये मी ठेवलाय, सगळ्यांनी तोच वापरा, नवनवीन नमुने फिरवू नका. मागे तीन नमुने फिरत होते आणि दोघांनी जुना भरला, त्यात घ्यायला येणाऱ्याचा पत्ताच नव्हता.

संध्या

तेजश्री:

संध्याताई, नमुना मिळाला. पत्रावर दोघांची सही होईल, नोटरी उद्या.

मेधाताई, तुम्ही म्हणालात ते बघितलं. मीनूच्या पासपोर्टवर चक्क वेगळंच नाव आहे, लहानपणापासून आम्ही कुणी ते उच्चारलेलंच नाही! नवऱ्याचं नाव घातलं, पासपोर्टवर आहे तसं.

पण फोनवर एक नवीनच कळलं. दुसरा टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाने आहे. बाई म्हणाल्या, "आमच्या बाजूने नोंद झालीय, त्यांच्या होकाराची वाट बघतोय." पैसे तर दोन्ही टप्प्यांचे घेतलेत. याचा अर्थ काय घ्यायचा? आणि ईशानचा इनहेलर कुणाकडे द्यायचा?

तेजश्री

श्रीकांत:

इनहेलर पाकिटात घालून क्रूकडे दे, वेळ झाली की ते देतील. आणि तिकिटावर नंबर एकाच कंपनीचा असेल तर जबाबदारी त्याच कंपनीची, होकाराची वाट कशाला बघायची?

श्रीकांतकाका

मेधा:

नाही काका. औषध द्यायचं काम क्रू करत नाही. इनहेलर ईशानच्या स्वतःच्या छोट्या बॅगेत, वरच्या कप्प्यात हवा आणि तो त्याला स्वतः घेता आला पाहिजे. येत नसेल तर कंपनीला आत्ताच सांग, कारण तेव्हा मूल एकटं घ्यायचं की नाही हे ते ठरवतील. डॉक्टरांचं पत्र सोबत असू दे.

गळ्यातल्या पाकिटात फक्त कागद: पासपोर्ट, बोर्डिंग पास, फॉर्म, संमतीपत्र. विमानात चढताना ते क्रू स्वतःकडे घेतात आणि पुढच्या माणसाला देतात. म्हणून पासपोर्टची फोटोप्रत आणि फोन नंबरांचं कार्ड वेगळं, त्याच्या बॅगेत ठेव. फोनची बॅटरी संपली तरी कार्ड संपत नाही. कार्डावर आपल्या लिपीबरोबर तिथल्या कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशा लिपीतही लिही. बॅग त्याला स्वतःला उचलून चालता येईल एवढीच. कंपासपेटीत कात्री किंवा टोकदार काही राहिलं नाही ना, ते बघ. पॉवर बँक दिलीस तर ती हातातल्याच बॅगेत, सामानात टाकायची नसते.

आता भागीदार कंपनीचं. हा तुझ्या प्रवासातला कच्चा दुवा आहे. पुष्कळ कंपन्या भागीदाराच्या विमानावर एकटं मूल घेतच नाहीत. बुकिंगमध्ये एकट्या मुलाच्या सेवेसाठी `UMNR` नावाची नोंद असते आणि प्रत्येक टप्प्यासमोर तिची स्थिती वेगळी दिसते. पहिल्या टप्प्याची पक्की आणि दुसऱ्याची अजून मागणीच, असं असेल तर काउंटरवरची मुलगी तुला तिथेच थांबवेल, कारण मधल्या विमानतळावर ईशानला कोण घेणार याचं उत्तर तिच्याकडे नसेल. फोन करून नेमकं एवढंच विचार: "दोन्ही टप्प्यांवर पक्की झालीय का, आणि मध्ये त्याला ताब्यात कोण घेणार?" उत्तर मेलवर लेखी माग. दुसऱ्या कंपनीने नकार दिला तर पहिली कंपनी स्वतःच्या विमानात जागा बदलून देते का ते विचार. तेव्हा बघायचं ते एवढंच की बदललेलं दुसरं विमान त्या दिवसातलं शेवटचं नसावं. पहिलं उशिरा पोचलं तर मुलाला रात्रभर सांभाळायची वेळ येते, म्हणून काही कंपन्या तसं घेतच नाहीत.

मेधा

संध्या:

पॉवर बँकेचं कळलं, पण एवढ्या लहान मुलाला फोन द्यायचाच कशाला? आमच्या वेळी असं काही नव्हतं.

संध्या

अमोल:

संध्याताई, फोन हवाच. रिया गेल्या वेळी विमान थांबताच फोन करत होती.

मेधा:

फोन असू दे, पण त्याला सांग की कर्मचाऱ्याचा हात सोडून फोनवर बोलत बाजूला जायचं नाही. उतरल्यावर पासपोर्टची खिडकी, मग सामान, मग कस्टम्स, असं सगळं त्याच कर्मचाऱ्याबरोबर होतं. पट्ट्यावरून स्वतःची बॅग त्यालाच ओळखावी लागते, तेव्हा तिला ठळक फीत बांध. खिडकीवरचा अधिकारी मुलालाच विचारतो, "कुणाकडे चाललास?" नुसतं "मावशीकडे" म्हणून भागत नाही. मावशीचं आणि काकांचं कागदावरचं नाव, गाव आणि परतीचा दिवस त्याच्याकडून म्हणवून घे.

मुलाला सोडलं की घरी जाऊ नकोस. विमान प्रत्यक्ष उडेपर्यंत थांबावं लागतं. दरवाजा लागून विमान मागे सरकलं तरी कधी बिघाड निघून परत गेटवर येतं, मुलं उतरतात आणि मग सोडणाऱ्यालाच बोलावतात. मीनूच्या नवऱ्याची ड्युटी अचानक बदलली तर ते तुला चेक-इनपर्यंत कळलं पाहिजे. काउंटरवर तुझ्या सहीने नाव बदलता येतं. विमान उडाल्यावर ते कंपनीमार्फत तिकडच्या विमानतळाला कळवावं लागतं, आणि तोवर ईशान आतच बसून राहतो.

मेधा

तेजश्री:

फोन केला. पहिला टप्पा पक्का, दुसरा अजून मागणीतच. सोमवारी दुपारी परत फोन करायला सांगितलंय. नकार आला तर सकाळचं विमान मिळतंय, पण मध्ये पाच तास थांबावं लागेल. मेधाताई, एवढा वेळ मुलांना कुठे बसवतात?