प्रतिसाद: जंताची गोळी आणि रात्रीची खाज

> "खानापूर. मुलगी सहा वर्षांची. शाळेत जंताची गोळी दिली, तरी वीस दिवसांत रात्री शीच्या जागी खाज परत सुरू. गोळी बदलू का?"

गोळी बदलू नका, ताई. रात्रीच खाज म्हणजे बहुधा सुतासारखे पांढरे बारीक जंत. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. शाळेत देतात ती अल्बेंडाझोलची गोळी जंत मारते, अंडी नाही. म्हणून ४०० मिलिग्रॅमचा दुसरा डोस दोन आठवड्यांनी लागतो. शाळेत एकच मिळतो. दोन्ही डोस घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यावेत. दोन वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खात्री हवी असेल तर सकाळी शी-आंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी तिथे दाबा, काचपट्टीवर लावून तपासायला द्या. एकदा काही दिसलं नाही तर सलग तीन सकाळी करा.

नखं कापा, रोज सकाळी आंघोळ घाला, चड्डी आणि चादर गरम पाण्यात धुवा. झटकू नका, अंडी उडतात.

साबणाने घासणं मात्र थांबवा. त्याने कातडी सोलून खाज वाढते. दिवसाही खाज, लाल चट्टा किंवा रक्त असेल, तर ते त्वचेचं दुखणं असू शकतं. मेडिकलमधली स्टेरॉइडची ट्यूब न लावता डॉक्टरांना दाखवा.