दहा मार्कांचं उत्तर: ब्लॉक डायग्राम आणि तक्त्यात एवढा वेळ घालवावा का?

तिसरा_बाक
एक्स्टीसीला आहे. आमच्याकडे दरवेळी येणारा प्रश्न: "सुपरहेटरोडाइन रिसीव्हर ब्लॉक डायग्रामसह स्पष्ट करा आणि टीआरएफ रिसीव्हरशी तुलना करा (१०)". डायग्राम पट्टीने काढायचा, हेडिंगं द्यायची, शेवटी तक्ता आखायचा, यातच निम्मा वेळ जातो. मला वाटतं सरळ परिच्छेदात लिहिलं तर जास्त मजकूर बसेल. तपासणारे खरंच हे सगळं बघतात का, की नुसती पद्धत पडली आहे?

केटीमुक्त
भावा, बघतात म्हणजे? तेवढंच बघतात! गठ्ठ्यात तुझ्या उत्तराला दोन मिनिटं मिळाली तरी खूप. डायग्राम पानभर मोठा, हेडिंग काळ्या पेनने चौकटीत, आणि तक्त्यात कमीत कमी आठ मुद्दे. मुद्दे सुचले नाहीत तर "किंमत कमी, किंमत जास्त", "साधा, गुंतागुंतीचा", "जुना, नवा" असे टाकायचे. चार पानं भरली की सात कुठे गेले नाहीत.

रेडिओदुरुस्ती
हेच वाचून वाईट वाटतं. डायग्राम सगळ्यांचा छान असतो, कारण तो रांगोळीसारखा पाठ केलेला असतो. मुलाखतीला येणाऱ्या पोरांना विचारतो, मिक्सरच्या आधी आरएफ स्टेज कशाला? सगळे म्हणतात "सिग्नल वाढवायला". पुढे काही नाही. माझ्या मते डायग्रामला दोनच मार्क ठेवावेत आणि बाकीचे कारणं लिहिण्याला. तिसऱ्या बाकाचं बरोबर आहे, परिच्छेद लिही.

पेपरतपासनीस
मी हा विषय शिकवते आणि तपासतेही. केटीमुक्त, चौकटीतल्या हेडिंगला मार्क नसतात. त्याने मला मुद्दा चटकन सापडतो, एवढाच उपयोग. हेडिंगखाली काही नसेल तर तेही चटकनच सापडतं.

आधी वेळ. पेपर ८० मार्कांचा, तीन तासांचा धरा. म्हणजे दहा मार्कांना साधारण बावीस मिनिटं, आणि प्रश्न वाचणं-निवडणं धरलं तर वीसच. त्यात डायग्रामला सहा-सात मिनिटं गेली तर काही बिघडत नाही, पण त्या डायग्रामने मजकुराचं काम हलकं करायला हवं. नुसत्या चौकटी काढून तीच नावं खाली वाक्यात पुन्हा लिहिलीत, तर वेळ वाया गेला हे खरं.

मी डायग्राममध्ये पहिल्यांदा बाण बघते. लोकल ऑसिलेटरचा बाण मिक्सरमध्ये *शिरतो* की मिक्सरमधून बाहेर पडतो? ऑसिलेटर खाली, वेगळा, आणि बाण वर, असा हवा. बरेच जण त्याला आरएफ आणि मिक्सरच्या मध्ये रांगेत बसवतात. तिथेच कळतं की चित्र पाठ होतं आणि अर्धं विसरलं. दुसरी गोष्ट एजीसी. ती रेघ डिटेक्टरपासून *मागे* आयएफ आणि आरएफ अँप्लिफायरकडे जाते. पुढे स्पीकरकडे नेली की त्या रेघेचे मार्क गेले.

तिसरी गोष्ट फार थोडे करतात: प्रत्येक बाणावर फ्रिक्वेन्सी लिहा. एखादं स्टेशन धरा, समजा पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ. अँटेनापाशी ७९२, ऑसिलेटरच्या बाणावर १२४७, मिक्सरनंतर ४५५, डिटेक्टरनंतर नुसता ऑडिओ. चार नोंदी, पण त्यांनी अर्धं स्पष्टीकरण होऊन जातं. मग खाली "मिक्सर" या हेडिंगखाली एकच वाक्य पुरतं: स्टेशन कोणतंही लावा, ऑसिलेटर त्याच्यापेक्षा ४५५ने वर राहतो, त्यामुळे फरक कायम ४५५च येतो. आरएफ, मिक्सर आणि ऑसिलेटर यांना जोडणारी तुटक रेघ काढलीत, म्हणजे एकाच नॉबने तिन्ही फिरतात, की हे वाक्य चित्रातच दिसतं.

अधिकारी_होणारच
माझा अनुभव वेगळा आहे. यूपीएससी मुख्य परीक्षेत दहा मार्कांना १५० शब्द असतात, दोन पानांची जागा. तिथे मी तक्ता बंद केला, कारण शब्द खातो. त्याऐवजी प्रस्तावना, मग मुद्दे, मग पुढची वाट असं लिहितो. छोटा फ्लोचार्ट चालतो. तूही शेवटी "पुढची वाट" लिही, छाप पडते.

केटीमुक्त
दादा, रेडिओच्या उत्तरात पुढची वाट काय लिहायची, एफएम लावा म्हणून? 😄

अधिकारी_होणारच
अरे, मला वाटलं सर्वसाधारण उत्तरलेखनाबद्दल विचारलंय. बरं, चालू द्या.

डिप्लोमावाला
मी पॉलिटेक्निकमधून थेट दुसऱ्या वर्षाला आलो. एमएसबीटीईच्या मॉडेल आन्सरच्या पहिल्याच पानावर परीक्षकांना सूचना असतात. उत्तर शब्दाला शब्द जुळवून बघू नका, की-वर्ड बघा. आकृतीत मुख्य घटक दाखवले असतील तर मार्क द्या, आकृती मॉडेलपेक्षा वेगळी पण समतुल्य असली तरी चालेल. आणि प्रत्येक प्रश्नापुढे डायग्रामला इतके, स्पष्टीकरणाला इतके, असं फोडून दिलेलं असतं. म्हणजे डायग्राम सोडला तर त्याचे मार्क परिच्छेदातून वसूल होत नाहीत, कितीही छान लिहा. तिसऱ्या बाकाचा हिशोब इथे चुकतो.

रेडिओदुरुस्ती
हे मान्य. मार्क फोडून दिलेले असतील तर परिच्छेदाचा सल्ला मी मागे घेतो. पण मॅडम, तुमच्या त्या आदर्श डायग्रामवर माझी हरकत आहे. खिशातल्या स्वस्त ट्रान्झिस्टरमध्ये आरएफ अँप्लिफायर नसतोच. फेराइट रॉडवरची कॉइल आणि गँगचा एक भाग, एवढंच ट्यूनिंग, आणि मग थेट मिक्सर. वर मिक्सर आणि ऑसिलेटर मिळून एकच ट्रान्झिस्टर. पोरगा उघडलेला सेट समोर घेऊन पुस्तकातल्या चौकटी शोधतो आणि त्या सापडत नाहीत. मग असा डायग्राम शिकवता कशाला?

पेपरतपासनीस
कारण चौकट म्हणजे काम, ट्रान्झिस्टर नव्हे. एक ट्रान्झिस्टर दोन कामं करत असेल तर चौकटी दोनच राहतात. आरएफ अँप्लिफायरचं म्हणाल तर तुमचा मुद्दा उत्तरात यायलाच हवा, आणि तुम्ही मुलाखतीत विचारता तो प्रश्नही त्याच हेडिंगखाली सुटतो. स्टेशन ६०० धरा. ऑसिलेटर १०५५. पण १५१० वर कुणी असेल तर त्याचा आणि १०५५चा फरकही ४५५च. म्हणजे

`f_image = f_s + 2 × f_IF = 600 + 910 = 1510 kHz`

आणि १५१० मीडियम वेव्हच्या पट्ट्यातच येतं. मिक्सरनंतर ही दोन स्टेशनं वेगळी करणं कुणालाच शक्य नाही, आयएफच्या फिल्टरला दोन्ही सारखीच. म्हणून १५१०ला मिक्सरच्या *आधी* अडवायचं, आणि ते आरएफ स्टेजचं ट्यूनिंग करतं. तुमच्या स्वस्त सेटमध्ये तेच काम फेराइट रॉडची कॉइल करते. "सिग्नल वाढवणे" हे दुसरं काम. हे ज्याने दोन ओळींत लिहिलं, त्याच्या आरएफ हेडिंगचे मार्क मी कापत नाही, हेडिंगला चौकट असो वा नसो.

तिसरा_बाक
मॅडम, मग तक्ता? आठ मुद्दे खरंच लागतात का?

पेपरतपासनीस
तुलनेला दोन-तीन मार्क धरले तर चार ओळी बास, पण प्रत्येक ओळीत दोन्हीकडे *त्याच* गोष्टीबद्दल बोललेलं हवं. "टीआरएफ सोपा" आणि समोर "सुपरहेटचा आवाज चांगला" ही तुलना होत नाही. मी लिहिला असता तो असा:

| मुद्दा | टीआरएफ | सुपरहेट |
|---|---|---|
| अँप्लिफिकेशन कुठे | सगळं स्टेशनच्याच फ्रिक्वेन्सीवर | बहुतेक ४५५ किलोहर्ट्झवर |
| बँडविड्थ | स्टेशनप्रमाणे बदलते | जवळजवळ स्थिर |
| स्थिरता | गेन वाढवला की शिट्टी मारू लागतो | गेन विभागल्याने धोका कमी |
| इमेज फ्रिक्वेन्सी | प्रश्नच नाही | अडवावी लागते |

शेवटची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, कारण त्यांनी "सुपरहेट कसा चांगला" एवढंच पाठ केलेलं असतं. तुलनेत एखादी ओळ तरी उलट बाजूने जायला हवी. आणि दुसऱ्या ओळीला आकडा देता आला तर द्या: ५४० किलोहर्ट्झवर १० किलोहर्ट्झ बँडविड्थ हवी तर कॉइलचा क्यू ५४ लागतो. तोच क्यू राहिला तर १६०० वर बँडविड्थ जवळपास ३० होते, आणि शेजारची स्टेशनं आत येतात. हे गणित तक्त्यात कोंबू नका, खाली एका ओळीत लिहा.

केटीमुक्त
म्हणजे माझे "किंमत कमी-जास्त" वाया?

पेपरतपासनीस
तो मुद्दा चूक नाही. पण चार बरे मुद्दे असताना पाचव्याने मार्क वाढत नाहीत, आणि नुसता तोच असेल तर मिळतही नाहीत.

डिप्लोमावाला
एक वेगळी शंका. प्रश्नात "तुलना करा" नसेल, फक्त "स्पष्ट करा" असेल, तरी तक्ता काढावा का? आमचे एक सर म्हणायचे काढाच, दुसरे म्हणायचे वेळ घालवू नका.

पेपरतपासनीस
मी मार्क देत नाही. विचारलंच नाही तर कशाचे देऊ?

रेडिओदुरुस्ती
इथे माझं उलट मत. टीआरएफची अडचण सांगितल्याशिवाय सुपरहेट का आला हे कळतच नाही. तक्ता नको, पण सुरुवातीला दोन वाक्यं हवीत. आणि तक्ता काढलाच असेल तर त्यातून तेच कळतं, मग मार्क का नाहीत?

पेपरतपासनीस
दोन वाक्यांना हरकत नाही, ती स्पष्टीकरणात मोजते. तक्त्याबद्दल आपलं जमणार नाही.

तिसरा_बाक
शेवटचं. सात चौकटी एका ओळीत बसत नाहीत, मी पान आडवं करून काढतो. चालतं ना?

डिप्लोमावाला
स्कॅन करून स्क्रीनवर तपासत असतील तर नको. तपासणाऱ्याला पान फिरवावं लागतं. आरएफ, मिक्सर, आयएफ, डिटेक्टर वरच्या ओळीत, डिटेक्टरमधून बाण खाली, ऑडिओ आणि स्पीकर दुसऱ्या ओळीत. ऑसिलेटर मिक्सरखाली राहतो, त्याला जागा सोड. एजीसीची रेघ वरून मागे ने, म्हणजे कशालाच छेदत नाही.

केटीमुक्त
आणि पेन्सिल गडद वापर. फिकट एचबीच्या रेघा स्कॅनमध्ये पुसट येतात. मी तर चौकटी पेन्सिलने आणि बाण, आकडे पेनने काढतो.

पेपरतपासनीस
पेनचं आधी तुमच्या उत्तरपत्रिकेवरच्या सूचनेत वाचा. काही ठिकाणी आकृती पेन्सिलनेच काढा असं छापलेलं असतं. गडद पेन्सिलबद्दल मात्र केटीमुक्तचं ऐका.