स्टील कंपनी तोलायची कशावर: आरओई की आरओसीई?

समीर: दोन स्टील कंपन्या बघतोय. धंद्यात गुंतलेल्या एकूण भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओसीई, दोघींचा 12 टक्क्यांच्या आसपास, पण फक्त मालकांच्या पैशावरचा, म्हणजे आरओई, एकीचा 14 आणि दुसरीचा 9. मला 14वाली सरळ उजवी वाटते. मित्र म्हणतो, अशा धंद्यात आरओईकडे बघूच नकोस. का बरं?

वृषाली: दोघींच्या धंद्यात 1000 कोटी गुंतलेत असं धरा. व्याज आणि कर भरायच्या आधीचा नफा दोघींचा 120 कोटी. पहिलीवर कर्ज नाही. 25 टक्के कर गेल्यावर 90 कोटी उरतात, म्हणजे आरओई 9. दुसरीत मालकांचे 300 कोटी आणि 700 कोटींचं कर्ज, 9 टक्क्यांनी. व्याजाचे 63 गेले, उरलेल्या 57 वर कर, हातात जेमतेम 43 कोटी. ते 300 वर मोजले की झाले 14 टक्के. भट्टी तीच, माल तोच. जास्तीचे 5 टक्के कारखान्याने नाही, कर्जाने दिलेत.

आता स्टीलचा भाव पडून 120 चे 60 झाले तर? पहिली 45 कोटी कमावते. दुसरीला 63 कोटी व्याज द्यायचंय, ती तोट्यात. भट्टी बंद ठेवली तरी व्याज थांबत नाही.

अनिकेत: गणित मान्य, निष्कर्ष नाही. मी शेअरहोल्डर आहे, बँक नाही. बँकेच्या पैशावर काय सुटतं त्याच्याशी मला काय करायचंय? 9 टक्क्यांनी पैसे घेऊन 12 टक्के कमावणं यालाच धंदा म्हणतात.

वृषाली: 12 टिकले तर. चीनचा स्वस्त माल आला तेव्हा 2016 च्या फेब्रुवारीत सरकारला स्टीलवर किमान आयात किंमत लावावी लागली. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीसाठी पुढे केलेल्या 12 मोठ्या थकीत कर्जखात्यांत भूषण स्टील, एस्सार स्टीलसह पाच स्टीलची होती. बाकीच्यांनीही तीच मंदी सोसली. मोठा फरक कर्जाचा होता.

आणि आरओई सर्वांत जास्त फसवतो तो मंदीनंतर. तोट्याने मालकांचं 300 कोटींचं नेटवर्थ 50 वर आलं आणि पुढच्या वर्षी 15 कोटी नफा झाला, की शेअर निवडायच्या स्क्रीनरवर आरओई 30 टक्के! लोक यादीत वरची म्हणून तीच उचलतात.

बाळासाहेब: माझा पोकलेन आहे. 60 लाखांचं मशीन, घरचे 12 टाकले, बाकी फायनान्स. हप्ते जाऊन वर्षाला 3 लाख सुटतात, म्हणजे 25 टक्के. 60 वर हिशेब केला तर 5 टक्के दिसतील, मग मी धंदाच करू नये काय?

वृषाली: नाही हो, 60 वर मोजायचं तर हप्त्यातलं व्याज नफ्यात परत मिळवायचं, मुद्दलही खर्च नाही. पण उलट बाजूने मशीनची झीज धरायची, ती तुम्ही धरलेली दिसत नाही. पावसाळ्यात मशीन उभं असताना हप्ता चालूच असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

बाळासाहेब: ते खरं आहे. पण हप्ते फिटल्यावर मजा आहे.

अनिकेत: बाळासाहेब माझंच काम करतायत! हप्ते फिटले, मशीन घासून झालं, पुस्तकात किंमत 10 लाख. मग आरओसीई आभाळाला. म्हणजे जुन्या, मोडकळीला आलेल्या प्लांटची कंपनी भारी आणि आज नवी भट्टी बांधणारी टाकाऊ?

वृषाली: हे बरोबर आहे. म्हणून घसारा वजा व्हायच्या आधीची मालमत्ता किती आहे तेही बघते. बांधकाम चालू असलेला प्रकल्प वगळूनही एकदा मोजते, कारण त्यातून अजून माल निघत नाही. तो सुरू झाल्यावर मात्र सूट नाही.

अनिकेत: आणि एनटीपीसीचं काय? भांडवल तर तिथेही प्रचंड. औष्णिक वीजकेंद्राला केंद्रीय वीज नियामक आयोग 15.5 टक्के परतावा देतो, तो इक्विटीवरच.

वृषाली: तिथे कर्ज आणि मालकांचा पैसा यांचं प्रमाण 70:30 धरून कर्जाचं व्याजही वीजदरात वसूल होतं. कर्जाचा चटका ग्राहकाला बसतो, त्यामुळे आरओईत तितका फुगवटा नसतो. पण स्टीलच्या व्याजाची हमी कोणी घेत नाही.

अनिकेत: म्हणजे 'भांडवल जास्त तिथे आरओसीई' हा सरसकट नियम नाही.

समीर: ताळेबंद पाहिले. चित्र तुमच्या उदाहरणासारखंच आहे. फक्त 9वालीचे 1000 पैकी 200 कोटी बँकेत ठेवीत पडलेत, 7 टक्क्यांनी. ते धरायचे का?

वृषाली: वगळा, पण त्यावरचं 14 कोटी व्याजही नफ्यातून काढा. 106 भागिले 800, म्हणजे सव्वातेरा. कारखाना म्हणून 9वालीच पुढे निघाली.

अनिकेत: मी वगळणार नाही. 200 कोटी असे झोपवून ठेवणारं व्यवस्थापनही त्याच शेअरबरोबर मिळतं.