गणपतीची अनाउन्समेंट लिहिली, पण डेसिबल सांगावं का सांगू नये?

मंडळाचा_सचिव:
नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातलं लहान गाव आहे आमचं, एक गाव एक गणपती, मांडव शाळेच्या पटांगणात. यंदा भोंग्यावरून सांगायचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडं आलं. असा लिहिला: "सर्व ग्रामस्थांना नम्र विनंती. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार आवाजाची मर्यादा 75 डेसिबल राहील. विसर्जन अनंत चतुर्दशीला सायंकाळी नदीवर होईल. कचरा कचराकुंडीत टाकून सहकार्य करावे." बरोबर आहे का? काहीजण म्हणून राहिले की दंडाचं पण टाका.

सोयाबीनवाला:
भाऊ, दहा दिवसांचा तर सण आहे, त्यात पण लोकायले नियम ऐकवायचे का? आमच्याकडं रोज भोंगा वाजते, कोणाची तक्रार नाही. पोरायनं वर्गणी गोळा केली, डीजे ठरवला, अन् आता 75 म्हणून सांगितलं तर ते मंडळच सोडून जातील. अनाउन्समेंट द्या आरतीची, महाप्रसादाची, बस.

साउंडवाला_काका:
मी पंचवीस वर्षं मांडवाचं साउंड लावलं, आता पोरगा पाहते. सचिव भाऊ, 75 चा आकडा अर्धाच आहे. नियमात असं आहे की जिथं भोंगा वाजून राहिला त्या जागेच्या हद्दीवर, म्हणजे पटांगणाच्या कुंपणावर, आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 नं जास्त नसावा, किंवा 75, यातलं जे कमी असेल ते. वस्तीची दिवसाची मर्यादा 55 आहे, त्यात 10 मिळवा, 65 झाले. म्हणजे तुमचा आकडा 65, 75 नाही. तुम्ही 75 अनाउन्स केलं अन् उद्या कोणी मीटर घेऊन आलं तर तुमच्याच तोंडून चुकीचं निघालं असं होईल.

अन् हे कुंपणावर मोजायचं, स्पीकरच्या तोंडाशी नाही, इथंच लोकं घोळ करतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरते. स्पीकरपासून 5 मीटरवर 77 आलं, तर 10 मीटरवर 71, 20 मीटरवर 65. तुमचं कुंपण 20 मीटरवर असेल तर जमलं. पण गल्लीत दोन्हीकडं भिंती असल्या की एवढा उतरत नाही, तिथं हा हिशेब लावू नका, मोजाच.

रात्रपाळी:
डीजेचं ठीक आहे पण ढोल-ताशाले कोणताच नियम लागू नाही ना, ते तर वाद्य आहे, रात्रभर वाजवता येते. अन् दहापर्यंत तर कितीही वाजवा, नियम दहानंतरच सुरू होते.

साउंडवाला_काका:
@रात्रपाळी अर्धं बरोबर बोलला तू. दहा ते सहा बंद, हे खरं. पण त्या बंदीत वाद्य पण येते, ताशा असो का भोंगा, उघड्यावर नाही चालत. आणि दहाच्या आधी मोकळीक आहे असं नाही, तो 65 चा आकडा दिवसाचाच आहे. शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते, पण त्यातले कोणते दिवस आपल्या जिल्ह्यात ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात पाहायचं, अंदाजानं धरायचं नाही. अन् सूट वेळेची मिळते, आवाज मोठा करायची नाही.

घराजवळच_मांडव:
माझं घर पटांगणाले लागून आहे, वेगळ्या गावात. मागच्या वर्षी आमची म्हैस नुकतीच व्याली होती, गोठ्याच्या भिंतीवर बॉक्स टेकवला होता मंडळानं, दोन दिवस पान्हाच सोडेना. सांगायले गेलो तर म्हणे काका ॲपवर 70 दाखवून राहिलं, बरोबर आहे. पण माझ्या खिडकीची काच थरथरत होती त्याचं काय?

साउंडवाला_काका:
दादा, तुमची काच खरं सांगत होती. मीटर ज्या पद्धतीनं मोजते त्यात खोल बासाले कमी धरतात, कारण माणसाच्या कानाले तो कमी ऐकू येते. म्हणून आकडा ठीक अन् भिंत हलून राहिली, हे दोन्ही एकाच वेळी होते. मोबाईलचं ॲप तर पाच-सात डेसिबलनं सहज चुकते, अन् लहान माईकमुळे बास त्याले धड पकडता येत नाही. म्हणून बास मिक्सरवरच अर्ध्यावर उतरवायचा, अन् बॉक्स कोणाच्या भिंतीले टेकवायचाच नाही.

आकडा नसला तरी एक ओळख सांगतो. कुंपणावर दोघं हातभर अंतरावर उभे राहा. जरा आवाज चढवून बोलणं समजलं तर ठीक आहे. ओरडावं लागलं तर जास्त झालं.

सोयाबीनवाला:
काका, 65 मध्ये तर आरती पण होत नाही, झांजा अन् टाळ्याच त्याच्या वर जातात. मग लिहायचं कशाले?

साउंडवाला_काका:
जातात ना, मांडवात उभं राहिलं तर. मी कुंपणावरचं म्हणून राहिलो. आणि झांजा पंधरा मिनिटं वाजतात, डीजे चार तास. मांडवात पुरेल असा आवाज काढायचा तर एक टॉवर फुगवू नका. मागच्या माणसाले ऐकू जावं म्हणून पुढच्याच्या कानाशी तो दुप्पट वाजवावा लागते. चार लहान बॉक्स मांडवाच्या चार खांबांवर लावा, तोंड आत अन् जरा खाली. मग प्रत्येकाले जवळूनच ऐकू येते, बाहेर कमी जाते. सगळ्यात मोठ्यानं रेकॉर्ड झालेलं गाणं लावून कुंपणावर पाहायचं, अन् तिथंच मिक्सरच्या मास्टरवर आणि ॲम्प्लिफायरच्या नॉबवर लाल टेप मारायची. आरती लावून टेप मारली तर चुकते, त्याच खुणेवर रीमिक्स लागलं की आवाज एकदम वर जाते.

आणि रात्री नऊनंतर अजून एक खूण खाली. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, आवाज वर न जाता खाली वाकते, म्हणून आपलं गाणं शेजारच्या गावात ऐकू येते.

शाळेतली_मॅडम:
मग सचिवांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं ना! माझं मत असं, भोंग्यावरून 65 पण सांगू नका आणि 75 पण नाही. ऐकणाऱ्या बाईला डेसिबल म्हणजे काय करायचं ते कळत नाही, तो आकडा पोलीस ठाण्याच्या परवानगीच्या कागदात असू द्या. भोंग्यावर सांगा: रात्री दहाला आवाज बंद होईल, नॉबवर लाल खूण आहे, ती ओलांडली जाणार नाही, कोणाला त्रास होत असेल तर अमुक घरी सांगा. तुमचं वाक्य "मर्यादा राहील" असं आहे, कोण राखणार ते कुठंच नाही. मर्यादा राखणारा माणूस मंडळाचा, हे आधी स्वतःच्या तोंडून सांगा, मग लोकांकडं मागा.

आणि विसर्जन "सायंकाळी" म्हणजे किती वाजता? सप्टेंबरात आपल्याकडं सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, नदीचा काठ निसरडा असतो, वर धरणातून पाणी सोडलं असेल तर पातळी वाढते. शेवटची मूर्ती साडेपाचला पाण्यात जायला पाहिजे, म्हणजे मिरवणूक दोनला निघायला पाहिजे. मजूर बाया निंदणाहून पाचनंतर येतात हे पण धरा, नाहीतर त्यांना दर्शनच मिळत नाही, त्यांच्यासाठी सकाळी सातची आरती ठेवा.

बंडी_ट्रॅक्टर:
मॅडम बरोबर. नदीत मोठी मूर्ती नेत असाल तर ठीक, पण घरच्या गणपतीले नदीवर सगळे का जाता? आम्ही ट्रॉलीत ताडपत्री टाकून हौद केला होता, गल्लीगल्लीत फिरवायचा विचार होता. दहा बाय सहाची ट्रॉली, दोन फूट पाणी भरलं, म्हणजे साडेतीन टनाच्या आसपास झालं अन् वळणावर मागचा फाळका उघडला, सगळं पाणी रस्त्यावर, दोन मूर्ती खाली. नशीब कोणी मागं नव्हतं. पाणी भरलेली ट्रॉली हलवायची नाही. एका जागी उभी ठेवा, फाळक्याले दोर बांधा, पाणी दीड फुटापर्यंत.

अन् मातीची मूर्ती एका रात्रीत बसते तळाशी, ती माती झाडाले टाकता येते. पीओपीची दोन दिवसानं काढली तरी तशीच असते, म्हणून दोन्हीसाठी वेगळी जागा सांगा.

शाळेतली_मॅडम:
कचऱ्याचं "कचराकुंडीत" हे पण बदला, आपल्या गावात कुंडी आहेच कुठं! निर्माल्य म्हणजे फुलं, दुर्वा, पत्री, ते एका टोपलीत. हाराचा दोरा घरीच कापून काढा, दोरा आणि प्लास्टिकचं पाकीट खड्ड्यात गेलं की खत चाळता येत नाही. तीन फूट खोल खड्डा, फुलांचा थर, वरून वाळका पालापाचोळा, शेणकाल्याचं पाणी, परत थर. दोन-अडीच महिन्यांत काळं होते. वास मारला म्हणजे पाणी जास्त झालं, पालापाचोळा वाढवा. महाप्रसादाचं उष्टं मात्र त्यात नको, डुकरं उकरतात. पत्रावळी पळसाच्या घेतल्या तर त्या खड्ड्यात चालतात, थर्माकोलच्या नाही.

सोयाबीनवाला:
पळसाच्या पत्रावळी आता मिळतात कुठं, बाया तेवढ्या लावतच नाहीत. अन् खूण मारली तरी रात्री अकराला पोरं टेप काढून वाढवतात, तेव्हा कोण जाणार सांगायले? माझं मत, दंड सांगितल्याशिवाय ऐकणार नाही.

शाळेतली_मॅडम:
तुमचं पहिलं म्हणणं तर उलट होतं, नियम सांगूच नका! पण प्रश्न खरा आहे. मला वाटतं दंड सांगून पोरं चिडतात, त्यापेक्षा ॲम्प्लिफायरचं कपाट कुलूपबंद ठेवा, चावी एका वयस्कर माणसाकडं. काका काय म्हणतात माहीत नाही.

साउंडवाला_काका:
कुलूप लावलं तर ॲम्प्लिफायर तापते, हवा पाहिजे त्याले. जाळीचं कपाट करा.

मंडळाचा_सचिव:
सगळ्यायचे आभार. पुन्हा लिहिलं, सकाळी सात अन् संध्याकाळी साडेसातला एकेकदा सांगेन, वेळा दोनदा म्हणेन:

"ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, मंडळाकडून नमस्कार. मांडवातला आवाज रात्री दहाला, दहाला बंद होईल. त्याआधी लाल खुणेवरच राहील, ती जबाबदारी मंडळाची. कोणाच्या घरी लहान बाळ, आजारी माणूस, व्यालेलं जनावर असेल तर मांडवात येऊन सांगा, आवाज लगेच कमी करू. विसर्जन अनंत चतुर्दशीला. मिरवणूक दुपारी दोनला, दोनला निघेल, शेवटची मूर्ती साडेपाचला पाण्यात. पाण्याजवळ फक्त मंडळाचे पोहणारे जातील, आपण काठावरून दर्शन घ्या. घरचे मातीचे गणपती पटांगणातल्या हौदात, पीओपीचे बाजूच्या वेगळ्या हौदात. निर्माल्याचा दोरा काढून टोपलीत द्या, टोपली रोज सकाळी आठला, आठला चौकात येईल. प्लास्टिक अन् थर्माकोल वेगळ्या पोत्यात द्या. धन्यवाद."

दंडाचं नाही टाकलं. अध्यक्ष म्हणतात टाकायलाच पाहिजे, आज रात्री मीटिंग आहे.

घराजवळच_मांडव:
जनावराचं लिहिलं ते बरं केलं भाऊ. पण "मांडवात येऊन सांगा" म्हणता, मांडवात एवढा आवाज असताना माझं कोण ऐकणार? एखाद्याचं घर ठरवून द्या.

मंडळाचा_सचिव:
बरोबर आहे. शाळेच्या गेटसमोरचं घर लिहितो, त्या आजीले विचारून.